पेल्याला पेला लावायच्या आधी

आमच्या घरात पत्रकं आधी आली, मी मागून. बाबांचा छापखाना सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत. विडी वळणाऱ्या बायांची, यंत्रमागावरच्या कामगारांची, नळाला पाणी येत नाही म्हणून चिडलेल्या वस्त्यांची पत्रकं तिथं छापली जायची. मुळाक्षरं मी पाटीवर गिरवली असतील, पण वाचायला शिकले ती छापखान्यातल्या वाया गेलेल्या कागदांवर. पंधराव्या वर्षी पहिलं पत्रक स्वतः लिहिलं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून ते तपासलं आणि नियम सांगितले. पहिली ओळ अशी हवी की जाणारा थांबला पाहिजे. मधे मागण्या. शेवटी आपल्यातून गेलेल्यांची आठवण, आणि तिला लागूनच घोषणा. "गेलेल्यांना सोडून पत्रक संपवायचं नाही," ते म्हणाले. "सोलापूर हुतात्म्यांचं गाव आहे."

हा नियम मी कधीच मोडला नाही. एकदा मोडायला हवा होता.

रशियन मी शिकले तीही पत्रकांमुळेच. आजोबांच्या ट्रंकेत मराठीत आलेली जुनी रशियन पुस्तकं होती, गुळगुळीत कागदाची, रॉकेलचा वास येणारी. ती मुळातून वाचायची असं मी ठरवलं आणि पुण्यात कॉलेज करताना दोन वर्षं संध्याकाळचा वर्ग केला. वर्गावरच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "तिकडे आता कुणी कुणाला कॉम्रेड म्हणत नाही हं." मी ते वहीत लिहून घेतलं, मनात घेतलं नाही.

मग माझा चुलत भाऊ, दादा, डॉक्टर व्हायला कझाकस्तानात गेला आणि डॉक्टर होऊन परत येताना लग्न ठरवून आला. मुलगी तो शिकत होता त्याच दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत होती. बोलायची रशियन. लग्नाच्या आधी ती आठ महिने सोलापुरात येऊन राहिली, दादाच्या आईच्या, म्हणजे काकूच्या हाताखाली भाकरी थापायला शिकली, शेंगाचटणी खाताना रडली आणि तरी मागून घेतली. मी तिला लग्नाआधीपासूनच वहिनी म्हणायला लागले होते. काकूला ते आवडायचं नाही. "अगोदर अक्षता तर पडू देत," म्हणायची.

लग्नाला महिना असताना एका दुपारी वहिनी छापखान्यात आली. कागदाच्या गठ्ठ्यावर बसली आणि रशियनमध्येच बोलायला लागली, म्हणजे काहीतरी महत्त्वाचं होतं.

"माझी आई एकटी येणार आहे. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. भाऊ नाही, बहीण नाही. तिला हे लग्न पसंत नव्हतं, ते तुला माहीत आहे."

मला माहीत होतं.

"आमच्याकडे लग्नात माणसं जेवायला बसतात आणि मधेच कुणीतरी पेला घेऊन उभं राहतं. नवरानवरीकडे बघून चार शब्द बोलतं. मग दुसरं कुणी. शब्द बोलल्याशिवाय आमच्यात लग्न झाल्यासारखं वाटत नाही. इथं सगळं सुंदर असेल, मला माहीत आहे. पण तिला त्यातलं एक अक्षर कळणार नाही. ती दोन दिवस हसऱ्या तोंडानं बसेल आणि परत जाईल. आणि आयुष्यभर तिला वाटेल की मुलगी अशा घरात दिली, जिथं तिच्याशी कुणी एक वाक्य बोललं नाही." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "दादा बोलला तर नवरा बोलला, त्याला काय अर्थ. तुमच्या घरातल्या कुणीतरी बोलायला हवं. तू बोलशील? छोटंसं. टोस्ट."

मी हो म्हटलं. एका क्षणात. रात्री जेवताना काकूला सांगितलं तर ती म्हणाली, "टोस्ट ना? देऊ की चहाबरोबर. बेकरीतून दोन पुडे आणून ठेवते." दादाला ठसका लागला.

पहिला मसुदा मी दोन दिवसांत लिहिला. चार पानं. मला तो फार आवडला होता. सुरुवातच 'Дорогие товарищи!' अशी, म्हणजे 'प्रिय कॉम्रेडांनो!' दुसऱ्या पानावर दोन देशांची अतूट मैत्री. तिसऱ्या पानावर, लग्न ही बाईला एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवण्याची पद्धत बंद व्हायला हवी, यावर एक परिच्छेद. चौथ्यावर 'महान रशियाच्या कन्येचं' स्वागत आणि तीन वेळा 'चिरायु होवो'.

वहिनीनं पहिलं पान वाचलं आणि ओठ दाबले. दुसऱ्या पानावर तिचे खांदे हलायला लागले. चौथ्यावर तिनं कागद तोंडावर धरला.

"काय झालं? चुकलंय?"

"चुकलेलं काही नाही. आई खाणीच्या कचेरीत कामाला होती. तरुणपणी दर सणाला तिनं हे ऐकलंय. ती शांतपणे बसेल आणि संपल्यावर टाळ्या वाजवेल. सवयीनं." मग तिचं हसू गेलं. "आणि मी रशियाची कन्या नाही. आम्ही रशियात कधी राहिलोच नाही. आईची आई जर्मन बोलणाऱ्या घरातली, तिला लहानपणी, युद्धाच्या काळात, सरकारनं गाडीत घालून आमच्या गवताळ माळावर आणून सोडलं. बाबांचे वडील युक्रेनचे. शेजारी कझाक. घरात भाषा रशियन, एवढंच."

मला माझीच लाज वाटली. आमच्या शेजारच्या पद्मा चाळीत राहणाऱ्या मावशी घरात तेलुगू बोलतात. त्यांच्या चार पिढ्या सोलापूरच्या मागांवर गेल्या. त्यांना कुणी 'तेलंगणाची कन्या' म्हणून हार घातला असता तर त्यांनी तो हार त्याच माणसाच्या गळ्यात परत घातला असता. हे मला कळायला हवं होतं. मीच तर भाषेवरून माणसाचा पत्ता ठरवणाऱ्यांविरुद्ध पत्रक लिहिलं होतं!

मग वहिनीनं मला टोस्ट शिकवला. भाषणाला वेळ लागतो, टोस्टला हात दुखतो, ती म्हणाली. म्हणजे कसं, तर सगळे पेला हातात धरून उभे असतात. त्यांचा हात दुखायच्या आत संपवायचं. आधी हाक, कुणाशी बोलतेयस ते. मग एखादी छोटी गोष्ट, तू स्वतः पाहिलेली, ऐकलेली. मग तिच्यातूनच निघणारी शुभेच्छा. आणि शेवटची ओळ अगदी आखूड, 'За' नं सुरू होणारी. 'झा' म्हणजे 'च्यासाठी'. 'За молодых!', म्हणजे 'वधूवरांसाठी!', म्हटलं की कुणाला रशियन येवो न येवो, पेला उचलायची वेळ झाली हे कळतं. पेल्याला पेला लावायचा, डोळ्यांत बघून. आणि एक तरी घोट घेतल्याशिवाय पेला खाली ठेवायचा नाही.

"तू पाहिलेलं काय आहे?" तिनं विचारलं.

मी पाहिलेलं काहीच नव्हतं. ऐकलेलं होतं. दादा तिकडून फोन करायचा तेव्हा त्याच्या मागे कुणीतरी हसत असायचं. काकू विचारायची, "कोण रे?" तो म्हणायचा, "टीव्ही."

वहिनी लाल झाली. "ते लिही."

त्यानंतर तीन आठवडे मी ओळी लिहीत आणि खोडत होते. पत्रकात एक वाक्य जड झालं तर शेजारचं त्याला ओढून नेतं. इथं सहा वाक्यं, लपायला जागा नाही. 'नांदा सौख्य भरे' मी रशियनमध्ये करून दाखवलं तर वहिनी म्हणाली की ते औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखं वाटतं. तिच्या आईला हाक कशी मारायची यावर एक दिवस गेला. तिकडे मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारणं उद्धटपणा, आडनावानं मारणं कचेरीतलं. नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेलं नाव, दोन्ही जोडून म्हणायचं. लग्नानंतरही वडिलांचं नाव बाईजवळ राहतं, हे मला पटलं. आईचं का राहत नाही, हे विचारल्यावर वहिनी म्हणाली, "तो तुझा पुढचा टोस्ट." शेवटी आम्ही नाव घालायचंच नाही असं ठरवलं. लग्नात 'आई' पुरेसं होतं.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. टोस्ट झाला की पाहुणे 'गोर्को!' म्हणून ओरडतात. गोर्को म्हणजे कडू. पेल्यातलं कडू लागतंय, आता ते गोड करायचं काम नवरानवरीचं. त्यांनी उठून सगळ्यांसमोर एकमेकांचं चुंबन घ्यायचं आणि लोकांनी मोठ्यानं आकडे मोजायचे. मी म्हटलं, हे झालंच पाहिजे. काकू म्हणाली, "सोलापुरात? भटजी, पाहुणे, माझ्या शाळेतल्या बाया, सगळ्यांसमोर? मी जिवंत असेपर्यंत नाही." मी म्हटलं, दोन सज्ञान माणसं, त्यांच्या लग्नात, त्यांच्या मर्जीनं... आणि बरंच काही म्हटलं. बाबा पेपरात तोंड घालून बसले होते.

वहिनी शेवटी मराठीत बोलली. "मला विचार की. मला पण लाज वाटते." आणि माझ्याकडे वळून रशियनमध्ये, "माझ्या लग्नात तुझी लढाई नको."

ते मला लागलं. पण खरं होतं. तिची मर्जी, तिची मर्जी असं मी घसा ताणून सांगत होते आणि तिला विचारलं नव्हतं.

टोस्ट कधी म्हणायचा, तेही काकूनंच ठरवलं. स्वागत समारंभात रांग असते, डीजे असतो, तिथं कुणी ऐकत नाही. ती म्हणाली, "विहिणीच्या पंगतीत म्हण." विहिणीची पंगत म्हणजे मानाची पंगत. रांगोळी, समया, चांदीचं ताट, विहिणीवर गाणी. मुलाच्या आईनं बसायचं आणि मुलीकडच्यांनी वाढायचं, अशी रीत. काकूनं आपल्या हातानं ती उलटी केली. "ती बिचारी एवढ्या लांबून एकटी येणार, आणि मी ताटावर बसून तिच्याकडून वाढून घेऊ? ती बसेल. मी वाढेन." माझ्या तिसऱ्या पानावरच्या सगळ्या परिच्छेदानं झालं नसतं ते काकूनं भाजी निवडता निवडता केलं.

आणि पेल्यात काय? कार्यालयात दारू चालत नव्हती, आम्हालाही चालणार नव्हती. दादाचे मामा सांगोल्याचे, त्यांची डाळिंबाची बाग. ते म्हणाले, "रस काडून आनतो. दोन कॅन. कुनाला कमी पडायचं न्हाय."

लग्नाच्या दोन दिवस आधी वहिनीची आई सकाळच्या गाडीनं उतरली. उंच, करडे केस, पाठ ताठ, हातात पर्स घट्ट धरलेली. मी लाल गुलाबांचा गुच्छ पुढे केला. मुद्दाम बारा फुलं घेतली होती, डझनभर. तिनं 'स्पासीबा', म्हणजे धन्यवाद, म्हटलं, फुलांवरून नजर फिरवली, त्यातलं एक हळूच ओढून काढलं आणि माझ्या वेणीत खोचलं. मला वाटलं, किती प्रेमळ आहे.

रिक्षात वहिनीनं कानात सांगितलं, "सम संख्येची फुलं आमच्यात कबरीवर नेतात. जिवंत माणसाला विषम द्यायची. तिनं अकरा करून घेतली."

म्हणजे मला सूचना मिळाली होती. गेलेल्यांचं आणि जिवंतांचं तिकडे वेगळं मोजतात, हे मला दोन दिवस आधी कुणीतरी वेणीत खोचून सांगितलं होतं.

लग्न होटगी रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं. सकाळी नवरीच्या खोलीत मी वहिनीला शालू नेसवायला गेले तर तिची आई आरशासमोर उभी होती. पर्समधून तिनं एक छोटा फोटो काढला, टोपी घातलेला माणूस, हसणारा, पुढचा एक दात तुटलेला. तो तिनं आरशाला टेकवून ठेवला, कुंकवाच्या करंड्याशेजारी. अक्षता पडल्या तेव्हाही तिच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, वहिनीनं सांगितलेलं, दोन दिवस पुरवायचं हसू. तिच्या हातात कुणीतरी तांदूळ दिले होते, ते तिनं टाकलेच नाहीत. मूठ मिटून बसली होती.

मी ते पाहिलं आणि मला राहवलं नाही. पंगत बसायच्या आधी जिन्यात उभी राहून मी माझ्या कागदाच्या शेवटच्या ओळीत भर घातली. वहिनीला दाखवायला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर दाखवावंसं वाटलं नाही. शेवटची ओळ गेलेल्यांची, हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मला वाटत होतं.

पंगत बसली. वहिनीची आई पाटावर, समोर चौरंगावर चांदीचं ताट. बाजूला वहिनी आणि दादा, मग घरची चाळीसेक माणसं. काकू पदर खोचून वाढत होती. मामांनी स्टीलच्या पेल्यांतून डाळिंबाचा रस फिरवला. एका आजीनं पेल्यात डोकावून बघितलं. "लई लाल हाय की हे. दुसरं काय न्हाय न्हवं?"

"आज्जे, झाडाचं हाय," मामा म्हणाले. "पी गप."

मी उठले. आधी मराठीत सांगितलं की मी बोलते, शेवटी सगळ्यांनी उठून शेजारच्याच्या पेल्याला पेला लावायचा, चांगला वाजवून. मग वहिनीच्या आईकडे वळले. टोस्ट आधी रशियनमध्ये, असं वहिनीनं बजावलं होतं. निदान या एका वेळी तरी आईला आपली पाळी यायची वाट बघावी लागू नये. मी कागदाची घडी उघडली, मिटली, परत उघडली. हजारभर लोकांच्या सभेत पत्रक वाचताना असं कधी झालं नव्हतं. इथं माझं बोलणं कळणारी माणसं तीन होती, आणि त्यातलं एकच ऐकायला आलं होतं.

«Дорогие молодые! Дорогая мама!
В нашем городе говорят на четырёх языках, и все как-то договариваются.
Когда мой брат звонил домой, мы слышали, как за его спиной кто-то смеётся.
Он говорил, что это телевизор.
Теперь этот смех будет жить у нас. Мы обещаем его беречь.
Пусть вам всегда будет о чём поговорить и с кем помолчать.»

प्रिय वधूवरांनो, प्रिय आई. आमच्या गावात चार भाषा बोलतात आणि सगळ्यांचं कसंतरी जमून जातं. माझा भाऊ घरी फोन करायचा तेव्हा त्याच्या पाठीमागे कुणीतरी हसत असलेलं ऐकू यायचं. तो म्हणायचा, टीव्ही आहे. आता ते हसू आमच्याकडे राहणार आहे. आम्ही ते जपू, हा शब्द. तुम्हाला बोलायला नेहमी काहीतरी असो, आणि गप्प बसायला कुणीतरी.

पहिल्याच वाक्याला तिनं हातातला घास ताटात ठेवला होता. 'टेलिव्हीझोर' ऐकलं आणि ती हसली. फोनमधून यायचं तेच हसू! एवढी वर्षं आम्ही ऐकलं ते आईकडून आलेलं होतं तर. माझा आवाज मोकळा झाला. आणि त्या जोरात मी शेवटची ओळ म्हटली, माझी नवी ओळ. वधूवरांसाठी, आणि आज जो आपल्यात नाही त्याच्यासाठी! मूठ वर जावी तसा माझा पेला वर गेला आणि तिच्या पेल्याकडे झेपावला.

मागे चाळीस पेले खणखणले. माणसं हसत होती, मुलं दोन दोनदा वाजवत होती.

तिचा पेला पुढे आला नाही. तिनं तो छातीशी ओढून घेतला आणि त्यावर तळहात ठेवला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. वहिनीनं मान खाली घातली.

"За него не чокаются, деточка," ती अगदी हळू म्हणाली. त्याच्यासाठी पेला वाजवत नाहीत, बाळ.

तेव्हा मला ते वेणीतलं फूल आठवलं.

खणखणाट थांबला. काकू वरणाची बादली घेऊन मधेच उभी. "काय गं? तिखट लागलं का त्यांना?"

काही नाही म्हणता आलं असतं. पण मी लहानपणापासून इतरांच्या चुका मोठ्या टायपात छापत आले होते. मी वळले आणि मराठीत सांगितलं, "चूक माझी आहे. वहिनीचे वडील हयात नाहीत. मी त्यांची आठवण काढली आणि तुम्हाला पेले वाजवायला लावले. त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी उभं राहतात, गप्प राहतात, आणि पेल्याला पेला न लावता एक घोट घेतात. लग्नाचा टोस्ट वेगळा असतो. मी दोन्ही एकत्र केले." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान पत्रक तेच असावं.

मग सांगोल्याचे मामा गुडघ्यावर हात टेकून उठले. ज्यांनी पेले वाजवून परत मांडी घातली होती त्यांच्याकडे बघून म्हणाले, "मग उटा की! बसलाव काय?"

सगळे उठले. आजीला दोघांनी धरून उठवलं. पंखे फिरत होते, बाहेर कुणीतरी मांडवाचं सामान ट्रकमध्ये टाकत होतं, तोही आवाज थांबला. चाळीस माणसांनी गप्प राहून एक घोट घेतला. वहिनीच्या आईनं डोळे मिटले होते.

खाली बसताना मामा काकूला म्हणाले, "आक्का, आमच्यात गेलेल्या मानसाचं पान आदी काडून ठिवत्यात. ह्या पावन्यांचं ऱ्हायलंच की." काकू गेली, एक ताट वाढून घेऊन आली आणि वहिनीच्या आईच्या उजव्या बाजूला ठेवलं. पोळी, भात, वरण, एक जिलबी. वहिनीनं आईला समजावलं. आई त्या ताटाकडे बघत राहिली. मग पर्स उघडली. सकाळचे तांदूळ अजून तिच्यातल्या रुमालात होते. ते तिनं काढले आणि त्या ताटाच्या कडेला ठेवले.

नाक पुसून तिनं माझ्याकडे बघितलं. "आता परत म्हण. फक्त मुलांसाठी."

मी कागद बघितला नाही. पाठ होतंच. या वेळी शेवटची ओळ दोनच शब्दांची होती.

"За молодых!"

तिनं माझ्या पेल्यावर आपला पेला असा आदळला की रस चौरंगावर सांडला. घोट घेतला. आणि तोंड वाकडं करून ती खोलीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "गोर्को!"

"काय म्हनल्या?" मामांनी विचारलं.

"कडू."

"कडू?" मामांचा चेहरा पडला. "माज्या बागंतलं डाळिंब? न्हाय वो! कदीच न्हाय! परत प्या म्हनावं!"

दादानं त्यांना रीत समजावली. चुंबनाचं त्यानं खाल्लं, फक्त 'नवरानवरीनं गोड करायचं' एवढं सांगितलं. मामा लगेच सुधारले. "आसं व्हय? मग भरवा की जिलबी! गोर्को! गोर्को!" पोरांनी उचलून धरलं. दादानं वहिनीला जिलबी भरवली, वहिनीनं दादाला. पंगतीत घास भरवणं आमच्याकडे होतंच, त्यामुळे कुणाला नवीन काही वाटलं नाही.

पण विहीणबाई ऐकेनात. त्यांनी पेला खाली ठेवलाच नव्हता. "गोर्को!"

मी वहिनीकडे बघितलं. मी काहीही बोलले नाही, हे मला इथं नोंदवायचं आहे. वहिनीनं आईकडे बघितलं, आणि वाकून दादाच्या गालावर ओठ टेकवले. मामा मोजत होते. "येक!" दोन म्हणायला सवडच मिळाली नाही. आजीनं पदर तोंडाला लावला. काकू वरणाच्या बादलीत वाकून काहीतरी शोधत होती. "मी काही बघितलं नाही," ती म्हणाली. "कुणाला वरण?"

दुसऱ्या दिवशी विहीणबाई निघाल्या. स्टेशनावर काकू आणि त्या एकमेकींना धरून उभ्या होत्या आणि दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. मधे कुणाला घेतलं नाही. मग त्या माझ्याकडे आल्या आणि हात पुढे केला. कागद हवा होता.

मी तो दिला. जिन्यात घातलेली ओळ मी खोडली होती. त्यांनी वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये, फोटोच्या मागे ठेवला. मी लिहिलेलं सगळं आजवर हजारांनी छापलं गेलं आणि रस्त्यावर वाटलं गेलं. याची एकच प्रत होती आणि ती आता गावाबाहेर चालली होती.

"आणि ती चार पानं?" त्यांनी विचारलं.

मी वहिनीकडे रागानं बघितलं. ती रेल्वेच्या वेळापत्रकाचा फलक वाचत होती.

"तीपण दे. प्रवास लांबचा आहे."

माझ्या पिशवीत ती होतीच. मी दिली. गाडी सुटायच्या आधीच त्या खिडकीत बसून वाचायला लागल्या होत्या, आणि गाडी हलली तेव्हा त्यांचे खांदे हलत होते. पहिल्या पानावरच. दुसरं अजून बाकी होतं.